एकाच कृतीत दोन ओढी: नायकाची इच्छा आणि त्याची गरज

नव्याने कथा लिहू लागलेल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: नायकाला काहीतरी हवं असू द्या, आणि त्याच्या आत त्याहून खोल, त्याला स्वतःलाही न कळलेली एखादी गरज असू द्या. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच आहे. तो ऐकून लिहिलेल्या पहिल्या कथांमध्ये बहुतेक वेळा एकच माणूस भेटतो. त्याला बढती हवी असते आणि गरज असते घरच्यांसोबत राहण्याची. तो रात्री उशिरापर्यंत ऑफिसात बसतो, मुलीचं गॅदरिंग चुकतं, बायको बोलेनाशी होते आणि शेवटच्या परिच्छेदात तो लॅपटॉप मिटून घरी निघतो. वाचताना चूक कुठे दाखवता येत नाही, तरी कथा वाचून झाल्यावर काहीच उरत नाही.

याचं कारण असं की या माणसाची इच्छा आणि गरज वेगळ्या आहेत, पण विरुद्ध नाहीत. साहेबांनी गॅदरिंगच्या दिवशी अर्धी रजा दिली असती तर बढतीही मिळाली असती आणि मुलगीही खूश झाली असती. म्हणजे त्याची अडचण वेळापत्रकाची आहे. वेळापत्रक बदललं की सुटणारी अडचण कथेचा भार पेलत नाही.

विरुद्ध म्हणजे काय, हे मला एका वाक्यात सांगायचं झालं तर असं सांगेन: इच्छा पूर्ण करायला नायकाला जी कृती करावी लागते, त्याच कृतीने त्याची गरज मारली जाते. दोन वेगळ्या कृती नव्हेत, एकच. सोमवारी इच्छेसाठी धावणारा आणि मंगळवारी गरजेसाठी झुरणारा नायक पुरत नाही. जो एक पाऊल टाकतो आणि त्याच पावलाने एकीकडे जवळ आणि दुसरीकडे लांब जातो, तो नायक आपल्याला हवा आहे. हे कसं घडवायचं, ते एक नायक शून्यापासून उभा करूनच पाहू.

त्याचं नाव भास्कर. वय पन्नाशीच्या आसपास, कऱ्हाडच्या बाजूला एका लहान गावात शेती. वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, भास्कर आणि थोरली बहीण अशी तिघांची नावं लागली. आता आईही गेली. बहिणीला तो आक्का म्हणतो. ती लग्न होऊन इचलकरंजीला असते. भास्करची विहीर उन्हाळ्यात तळ गाठते. नदीवरून पाइपलाइन आणून ते पाणी विहिरीत सोडायचं आणि तिथून शेताला द्यायचं, असा त्याचा बेत आहे. त्यासाठी कर्ज हवं, आणि कर्जासाठी त्याला जमीन एकट्याच्या नावावर हवी. म्हणून आक्काने हक्कसोडपत्र करून द्यावं, एवढंच त्याचं मागणं आहे.

भास्करच्या इच्छेचं रूप नीट पाहा. "त्याला सुख हवं आहे" किंवा "त्याला पाणी हवं आहे" असं मी म्हटलं नाही. त्याला एका ठरावीक कागदावर, एका ठरावीक बाईची सही आणि अंगठा, शुक्रवारी दुपारपर्यंत हवा आहे. इच्छा अशी असावी की ती पूर्ण झाली की नाही हे दाराबाहेर उभ्या असलेल्या परक्या माणसालाही सांगता यावं. मान मिळवणं, यशस्वी होणं, स्वतःला सिद्ध करणं या इच्छा नायकाच्या मनात असतीलही, पण कथेत त्यांना एखाद्या वस्तूचं, कागदाचं, होकाराचं रूप द्यावं लागतं. तसं रूप दिलं की नायकाने पुढे काय करायचं हे लेखकाला वेगळं शोधावं लागत नाही. सही हवी असलेला माणूस काय करेल? एसटी पकडेल, बहिणीच्या घरी जाईल, कागद पिशवीत ठेवेल, साडी घेऊन जाईल. कथा आपोआप चालू होते.

इच्छेबद्दल आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती वाजवी असली पाहिजे. नवे लेखक नायकाची इच्छा क्षुद्र करून ठेवतात, कारण शेवटी ती सोडायला लावायची हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. भास्कर जमीन विकून जुगार खेळणार असता तर वाचकाला निवड करावीच लागली नसती. पण त्याचा ऊस वाळतो आहे. घरात खाणारी तोंडं आहेत. पाइपलाइन झाली नाही तर दोन वर्षांत त्याला दुसऱ्याच्या रानात कामाला जावं लागेल. वाचकालाही वाटलं पाहिजे की ही सही व्हायला हवी. वाचक इच्छेच्या बाजूने उभा नसेल तर गरजेची ओढ त्याला जाणवणारच नाही.

आता गरज. इथे बहुतेक मंडळी अडखळतात, कारण गरज सांगताना आपण सद्गुणांची नावं घेतो. त्याला प्रेमाची गरज आहे, क्षमेची गरज आहे, स्वतःला स्वीकारायची गरज आहे. ही वाक्यं खोटी नसतात, पण त्यातून एकही प्रसंग निघत नाही. गरज नेहमी एका माणसाच्या संदर्भात आणि एका कृतीच्या रूपात लिहावी: कोणासमोर, काय करण्याची गरज?

ती शोधायची एक खात्रीची वाट आहे. नायक काय टाळतो ते पाहायचं. भास्कर आईच्या वर्षश्राद्धाला आक्काला घ्यायला स्वतः गेला नाही, मुलाला पाठवलं. फोनवर आक्का आईचा विषय काढते तेव्हा तो रेंज नसल्याचं सांगतो. आईची ट्रंक त्याने अजून उघडलेली नाही. का? उत्तर मिळालं की गरज हाती लागते. माझ्या भास्करचं उत्तर असं आहे: जाण्याआधी आई त्याला म्हणाली होती, "इहिरीकडचा तुकडा आक्कीला दे." तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. भास्करने हे कोणालाच सांगितलेलं नाही. त्याची गरज अशी की आक्कासमोर हे बोलून टाकावं आणि पुन्हा तिचा धाकटा भाऊ व्हावं. आई गेल्यानंतर त्याला "जेवलास का" विचारणारं तेवढं एकच माणूस उरलं आहे, आणि त्याच माणसाच्या डोळ्यांत त्याला पाहता येत नाही.

आता दोन्ही शेजारी ठेवा. सही मिळवायची तर गप्प राहावं लागतं. बोलून मोकळं व्हायचं तर सही धोक्यात येते. गप्प राहणं या एकाच कृतीत दोन्ही ओढी सामावल्या. दर तासाला तो गप्प राहतो आहे, म्हणजे दर तासाला सहीच्या जवळ आणि आक्कापासून लांब जातो आहे. बढतीवाल्या माणसाकडे अशी एक कृती नव्हती.

पण काम इथे संपत नाही. आता पळवाटा बुजवाव्या लागतात. चांगला वाचक लगेच विचारतो: मग त्याने असं का नाही केलं? भास्करच्या बाबतीत मला तीन पळवाटा दिसतात. पहिली अशी की आक्काचं नाव राहू द्यावं आणि तिनेही कर्जाच्या कागदांवर सही करावी. ही वाट दाजी बंद करतात. ते यंत्रमागावर काम करतात, एकदा कोणाला तरी जामीन राहून पोळले आहेत, आणि घरात कर्जाचा कागद येऊ देणार नाहीत. दुसरी वाट: विहिरीकडचा तुकडा आक्काला द्यावा, बाकी जमीन स्वतःच्या नावावर करून घ्यावी. ही सर्वांत मोठी पळवाट आहे, आणि म्हणूनच मी आईला नेमका विहिरीकडचा तुकडा मागायला लावलं. नदीचं पाणी पडणार त्या विहिरीत, मोटर बसणार तिथे. तो तुकडा गेला तर उरलेली जमीन कोरडीच. आईने बांधावरचं आंब्याचं झाड मागितलं असतं तर भास्करने ते हसत दिलं असतं आणि कथा तिथेच संपली असती. तिसरी वाट: कोणी तरी भास्करला भाग पाडावं. तेही होत नाही. मृत्युपत्र लेखी लागतं आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आईचं तोंडी सांगणं कायद्याच्या दृष्टीने मृत्युपत्र नाही. त्यामुळे कोर्ट, वकील, पंच, कोणीही त्याला बोलायला लावू शकत नाही. बोलायचं की नाही हे फक्त त्याच्यावर आहे.

पळवाटा शोधण्याचं काम कागदावर, लिहायला बसण्याआधी करावं. एक तास पुरतो. यात अडकलात तर बहुधा गरजेतला तपशील बदलावा लागतो, इच्छेतला नाही. इच्छा साधीच राहू द्या. गरज मात्र नेमकी इच्छेच्या वाटेत येईल अशी सरकवत राहा, जशी मी झाडावरून विहिरीवर सरकवली.

इथे वर्षांचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा जन्माने हक्क देणारी दुरुस्ती 1994 मध्ये केली, ती त्याआधी लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती, आणि देशभराचा बदल 2005 मध्ये आला. आक्काच्या हिश्शाचं वजन किती, गावात त्याबद्दल काय बोललं जातं, दाजी तिला काय सुचवतात, हे सगळं कथा कुठल्या साली घडते त्यावर ठरतं. माझी कथा आजची आहे. आजच्या आक्काला आपला हक्क माहीत आहे, आणि तरी ती सही करायला येते, कारण सही नाकारलेल्या बहिणींचं माहेर कसं तुटतं हे तिने पाहिलेलं आहे. म्हणजे आक्कालाही काहीतरी हवं आहे. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण समोरचं पात्र फक्त नायकाला धडा द्यायला उभं असलं की लगेच ओळखू येतं.

आता प्रश्न असा की भास्करला स्वतःची गरज दिसत का नाही. तो मूर्ख नाही. दिसत नाही, कारण त्याच्याकडे एक समजूत आहे आणि तीच त्याला रोज तारून नेते: "आधी काम होऊ दे, मग आक्काशी नीट बसून बोलू. पाणी आलं की तिला काहीतरी देऊ." ही समजूत खोटी आहे, कारण सही झाल्यानंतर बोलणं म्हणजे फसवल्याची कबुली होईल. आज जे अवघड आहे ते उद्या अशक्य होणार आहे. पण भास्करला ते प्रामाणिकपणे उलटं दिसतं. इच्छा आणि गरज यांच्या मधे अशी एक समजूत लागतेच. ती नसेल तर नायक एकतर लबाड वाटतो किंवा स्वतःचं मन उघडपणे वाचणारा शहाणा. भास्कर लबाड नाही. तो पुढे ढकलणारा माणूस आहे. समजूत एका वाक्यात, नायकाच्याच तोंडच्या भाषेत लिहून समोर ठेवा. कथेत ते वाक्य जसंच्या तसं यायलाच हवं असं नाही, पण प्रत्येक प्रसंगात ते त्याच्या वागण्यामागे असलं पाहिजे.

पहिल्या कथेची लांबी दोन-अडीच हजार शब्द धरली तर त्यात तीन प्रसंग मावतात, फार तर चार. भास्करसाठी मी गुरुवारची संध्याकाळ ते शुक्रवारची दुपार एवढाच काळ घेतो. पहिला प्रसंग: भास्कर आक्काच्या दारात. त्याने बसमध्ये सगळे मुद्दे घोळून ठेवले आहेत, पाण्याचा हिशेब पाठ केला आहे. आणि आक्का दोन मिनिटांत म्हणते, "येते की. त्यात काय एवढं." इच्छेच्या बाजूने मोठं यश. पण तिच्या या सहजपणामुळेच त्याला गिळायला अवघड जातं. ती भांडली असती तर गप्प राहणं सोपं गेलं असतं. नवे लेखक इथे अडथळा म्हणून समोरच्याला नकार द्यायला लावतात. या प्रकारच्या कथेत होकार हाच जास्त मोठा अडथळा ठरू शकतो.

दुसरा प्रसंग रात्रीच्या जेवणाचा, आणि कथेचा कणा तोच आहे. तो आधी कच्च्या रूपात पाहू, जसा तो पहिल्या हातात बहुधा उतरतो:

"भास्करला आतून अपराधी वाटत होतं. आईचे शेवटचे शब्द त्याच्या कानात घुमत होते. आक्काला सगळं खरं सांगून टाकावं असं त्याला वाटलं, पण पाइपलाइनचं काय होईल या विचाराने तो गप्प बसला."

यात सगळी माहिती आहे, आणि त्यामुळेच वाचकाला करायला काही उरलेलं नाही. शिवाय भास्करला स्वतःची गरज इतकी स्पष्ट कळली असेल तर ती खोल राहिली कुठे? आता तोच प्रसंग, फक्त बाहेरून दिसेल आणि ऐकू येईल तेवढा:

आक्काने तिसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि तव्याकडे वळत विचारलं, "आई शेवटी काय बोलली का रं?"

"न्हाय," भास्कर म्हणाला. "शुद्धीतच नव्हती."

"माझं नाव बी न्हाय घेतलं?"

"शुद्धीत नव्हती म्हटलं की."

आक्काने मान हलवली. भाकरीवर पाण्याचा हात फिरवला, ती उलथली. "तुझ्या दाजींना सांगून ठिवलंय, उद्या डबा न्हाय म्हणून."

भास्करने भाकरीचा तुकडा मोडला. कडा जाड होती, आईच्या भाकरीसारखी. तुकडा आमटीत बुडवून त्याने तसाच धरून ठेवला.

"आक्का."

"काय?"

"आधार कार्ड घे उद्या संगं. झेरॉक्स नगं, मूळच लागतंय."

या प्रसंगात गरजेचं नावसुद्धा नाही, पण "आक्का" म्हणून हाक मारल्यावर तो काय बोलणार होता हे वाचकाला कळतं. कबुली तोंडापर्यंत आली आणि कागदपत्रांची आठवण होऊन बाहेर पडली. दोन्ही ओढी एका वाक्यात दिसतात. असं वाक्य प्रत्येक प्रसंगात एक तरी सापडावं म्हणून मी धडपडतो. ते सापडायची जागा बहुधा तीच असते जिथे नायक एक बोलायला तोंड उघडतो आणि दुसरं बोलतो.

इथे एक मोह आवर्जून टाळायचा. भास्करने "आक्का" म्हणताच फोन वाजतो, किंवा दाजी घरात येतात, किंवा लाइट जाते. अशाने बोलणं राहून जातं खरं, पण ते नायकाने राहू दिलेलं नसतं. त्याच्या वतीने लेखकाने ते अडवलेलं असतं, आणि मग गरज मारली गेल्याचा दोष कोणाचाच राहत नाही. घास भास्करनेच गिळला पाहिजे. आपल्या कच्च्या कथेत निर्णायक क्षणी बाहेरून काही येत असेल तर ते काढून टाका आणि त्या जागी नायकाला स्वतः वळायला लावा. बहुतेक वेळा एवढ्या एका बदलाने प्रसंग उभा राहतो.

उलट दिशेची चूकही होते. गरज फक्त मार खात राहते, तिचा जोर कधी दिसतच नाही. मग नायक एका बाजूला सरळ चालत जातो आणि ओढाताण उरत नाही. म्हणून एका तरी जागी गरजेने इच्छेला धक्का द्यायला हवा. माझ्या कथेत तो धक्का साडीतून येतो. भास्करने साडी घेतली ती सहीसाठी, म्हणजे आक्काला बरं वाटावं म्हणून. पण दुकानात त्याने हात घातला तो आईला आवडायच्या त्या हिरव्या रंगाला, आणि ठरवल्यापेक्षा जास्त पैसे मोजले, त्यात स्टॅम्पसाठी बाजूला ठेवलेले गेले. आता शुक्रवारी त्याला आक्काकडेच पैसे मागावे लागतात आणि सगळंच काम बिघडायची वेळ येते. लाच म्हणून घेतलेल्या साडीत माया शिरली आणि तिने सहीचीच अडचण केली. कथेतली वस्तू अशी दोन्हीकडे ओढणारी मिळाली तर ती सोडू नये.

तिसरा प्रसंग दुय्यम निबंधक कार्यालयातला. कथेची जागा नीट माहीत करून घेतल्याचा फायदा इथे कळतो. हक्कसोडपत्राची नोंदणी करताना फक्त सही करून भागत नाही. सही करणारी व्यक्ती तिथे हजर लागते, ओळख पटवणारे लागतात, फोटो काढतात, यंत्रावर अंगठ्याचा ठसा घेतात, आणि दस्त तिनेच केला आहे, तो तिला मान्य आहे, अशी कबुली अधिकारी तिच्याकडून घेतात. अशा दस्तात "राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय" अशा अर्थाचे शब्द असतात. म्हणजे भास्करच्या गरजेवर बोट ठेवणारा प्रश्न कार्यालय स्वतःच विचारतं, रोजच्या कोरड्या आवाजात: "बाई, वाचलंय ना? समजून करताय ना?" मी हा प्रश्न शोधून काढला नाही, तो त्या टेबलापाशी असतोच. आणि तो विचारला जातो आक्काला, तर उत्तर देणं भाग आहे भास्करला. आक्का मागे वळून त्याच्याकडे पाहते आणि म्हणते, "भावानं वाचलंय."

इथे निवड करावी लागते, आणि ती कृतीतूनच व्हावी लागते. त्याने मनात काय ठरवलं ते पुरत नाही. भास्करसमोर दोनच वाटा आहेत. तो "होय" म्हणून मान हलवतो, आक्काचा अंगठा उमटतो, सही मिळते, आणि यापुढे आईचे शब्द तिला कधीच सांगता येणार नाहीत. किंवा तो म्हणतो, "आक्का, थांब जरा," आणि सांगतो, कदाचित त्याच बाकावर, रांगेतल्या लोकांसमोर, आणि शुक्रवार हातचा जातो.

नवे लेखक इथे तिसरी वाट काढतात: भास्कर सांगतो, आक्काचे डोळे भरून येतात, ती म्हणते "येड्या, मला कुठं तुकडा पायजे," आणि अंगठा लावते. दोन्ही मिळालं. अशा शेवटाने आधीचे सगळे प्रसंग मागे जाऊन खोटे पडतात, कारण मग भीती उगाच होती असं ठरतं. बोलल्यावर आक्काला राग येऊ द्या. तिला हे जाऊ द्यावं असं वाटणार नाही, निदान त्या दुपारी तरी नाही. आईने आपलं नाव घेतलं होतं आणि काल रात्री भावाने ते नाकारलं, हे तिला आता कळलेलं आहे. भास्करची गरज पूर्ण होते म्हणजे त्याला बक्षीस मिळतं असं नव्हे. तो पुन्हा तिचा भाऊ होतो, इतकंच, आणि भावावर बहीण चिडू शकते.

मला विचाराल तर पहिल्या कथेसाठी मी मान हलवणारा भास्कर निवडेन. इच्छा मिळाली आणि गरज कायमची गेली, हा शेवट आवाक्यात ठेवणं सोपं आहे, कारण त्यात नायकाला बदलावं लागत नाही. तो पहिल्या पानावर जसा होता तसाच राहतो, आणि वाचकाला मात्र सगळं दिसलेलं असतं. बदलणारा नायक दाखवायचा तर तो बदल पटेल एवढी तयारी अडीच हजार शब्दांत करावी लागते, आणि ती बहुधा अपुरी पडते. बदल घडवायचाच असेल तर आदल्या रात्रीच्या आधार कार्डच्या वाक्याला इथे उत्तर मिळालं पाहिजे: काल जी हाक मारून तो दुसरंच बोलला, तीच हाक मारून आज तो खरं बोलतो. एवढा धागा असेल तर वाचक मानतो.

शेवट मोकळा सोडण्याबद्दलही विचारणा होते. परिणाम मोकळा ठेवता येतो, निवड मोकळी ठेवता येत नाही. भास्करने मान हलवल्यावर आक्काला कधी कळलं का, पाणी आलं का, हे न सांगता थांबता येतं. पण अधिकाऱ्याने प्रश्न विचारला आणि कथा तिथेच थांबली, भास्कर काय म्हणाला ते कळलंच नाही, तर ज्या एका गोष्टीसाठी वाचक आला तीच आपण दिली नाही.

पहिला खर्डा झाला की तपासणी अशी करावी. प्रत्येक प्रसंगाच्या समासात दोन छोट्या खुणा करायच्या: इच्छा जवळ आली की लांब गेली, गरज जवळ आली की लांब गेली. दोन्ही खुणा एकाच दिशेच्या असतील तर तो प्रसंग ढिला आहे. दोन्ही जवळ आल्या तर नायकाला फुकट मिळतंय, दोन्ही लांब गेल्या तर त्याच्यावर नुसतं संकट कोसळतंय, आणि संकटात निवड नसते. एखाद्या प्रसंगात एकच खूण करता आली, म्हणजे दुसरी ओढ तिथे नाहीच, तर तो प्रसंग शेजारच्यात मिसळून टाकावा. भास्करच्या पहिल्या आराखड्यात बसच्या प्रवासाचा एक वेगळा प्रसंग होता. त्यात तो पाण्याचा हिशेब घोळतो एवढंच होतं, गरजेची खूण कुठेच नव्हती. तो हिशेब आक्काच्या दारातल्या दोन ओळींत गेला आणि प्रसंग काढला.

दुसरी तपासणी शब्दांची आहे. गरजेचं नाव सांगणारे शब्द शोधायचे: अपराधी, पश्चात्ताप, ओझं, मन मोकळं, नातं, माया. यातला एखादाही शब्द निवेदनात किंवा भास्करच्या तोंडी आला असेल तर तो काढून वाक्य पुन्हा वाचायचं. वाक्य त्याच्याशिवायही उभं राहिलं तर शब्द जाऊ द्यावा. नाही राहिलं, तर तिथे भास्करच्या हातात काय आहे, तो काय उचलतो, काय खाली ठेवतो, कोणत्या प्रश्नाला भलतंच उत्तर देतो, हे शोधून ते लिहायचं. आक्काच्या आणि दाजींच्या तोंडीही हे शब्द नकोत. दाजींनी बाहेरच्या ओट्यावर बसून "भावा-बहिणीत कागद आला की नातं जातं" असं म्हटलं, तर ते कितीही खरं असलं तरी ती ओळ काढायची, आणि त्याऐवजी त्यांना भास्करला विचारायला लावायचं की परतीची गाडी कितीची आहे.